सात मशिनी, सातही जणींचा पत्ता 192.168.0.1. एका नेटवर्कात कशा आणायच्या?

वाळूजचा_फिटर

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत एका ऑटो पार्टच्या प्लांटात मेंटेनन्स बघतो. आमच्या लाइनवर लीक टेस्टच्या सात एसपीएम आहेत. एकाच बिल्डरच्या, प्रोग्राम एकच. प्रत्येकीत एस७-१२०० पीएलसी 192.168.0.1 वर, एचएमआय 192.168.0.2 वर आणि प्रोफिनेटचा रिमोट आयओ 192.168.0.3 वर. सातही पॅनल उघडा, हेच तीन आकडे.

आतापर्यंत प्रत्येक मशीन आपापल्या कोपऱ्यात सुखी होती. आता वरून फर्मान आलंय की सगळ्यांचा काउंट आणि रिजेक्शन एका स्काडा पीसीवर दिसलं पाहिजे. ज्याला काम दिलं त्याच्या पोरांनी प्रत्येक पॅनलमधून एक केबल काढली, सातही एका साध्या स्विचमध्ये खोचल्या आणि चहाला गेले.

थोडा वेळ सगळं चाललं. मग तीन नंबरचा ऑपरेटर मला बोलवायला आला. त्याच्या मशीनचं दार उघडं, आत पार्ट नाही, आणि स्क्रीनवर काउंट वाढतोय! बघितलं तर पाच नंबरवर पार्ट झाला की तीनच्या स्क्रीनवर आकडा पुढे सरकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मेन चालू केल्यावर दोन मशिनी उठल्याच नाहीत, रिमोट आयओवर बीएफचा लाल दिवा. सगळ्या केबली उपटल्यावर गाडी रुळावर आली.

बिल्डर म्हणतो पत्ते बदलले तर वॉरंटी गेली, प्रोग्रामला पासवर्ड आहे. कामवाला म्हणतो सात नॅट राउटर लागतील. साहेब म्हणतात एका ऐवजी सात कशाला? मला दोनच गोष्टी सांगा: हे खरंच लागतं का, आणि लावल्यावर काय चालणार नाही?

पैठणगेट

राउटर कशाला? एक मॅनेज्ड स्विच घ्या, सात व्हीलॅन पाडा, प्रत्येक मशीन आपल्या व्हीलॅनमध्ये. भांडण संपलं. आमच्या ऑफिसात तसंच आहे.

सुलभा_ऑटोमेशन

पैठणगेट, भांडण संपेल, पण बोलणंही संपेल. व्हीलॅनने मशिनी एकमेकींपासून तुटतील हे बरोबर. पण स्काडा पीसीने 192.168.0.1 ला हाक मारली तर ती सातांपैकी कुठल्या व्हीलॅनमध्ये जाणार? राउटिंग टेबलात 192.168.0.0/24 कडे जायची वाट एकच असते. सात गल्ल्यांत सात "घर नंबर १" असतील तर पोस्टमनला आधी गल्ली कळली पाहिजे. ती गल्ली पत्त्यातच घालून देणं हे नॅटचं काम.

फिटर, तुमच्याकडे जे झालं त्यात दोन वेगळे घोटाळे आहेत, ते एकत्र मोजू नका.

काउंटचा घोटाळा एआरपीचा. तीनचा एचएमआय अधूनमधून विचारतो, "192.168.0.1 कोण?" एका स्विचवर सात पीएलसी असले की सातही जण "मी" म्हणतात, आणि एचएमआय त्यातल्या एकाचा मॅक पत्ता धरून बसतो. तुमच्याकडे पाच नंबरचा धरला. नशीब समजा की फक्त काउंटच दिसला. त्या अवस्थेत तीनच्या स्क्रीनवर कोणी क्लॅम्पचं बटण दाबलं असतं तर पाच नंबरचा क्लॅम्प बसला असता, आणि तिथं कुणाचा तरी हात असू शकतो. केबली उपटल्या ते उत्तम केलंत. खात्री करायची असेल तर त्या स्विचवर लॅपटॉप लावून थोड्या थोड्या वेळाने `arp -d` आणि मग पिंग करून `arp -a` बघायचं. तोच आयपी, पण मॅक बदलत राहतो.

सकाळी मशिनी न उठण्याचा घोटाळा प्रोफिनेटचा आहे. कंट्रोलर सुरू होताना रिमोट आयओला आयपीने नाही, नावाने शोधतो. सातही आयओंची नावं एकच, म्हणून एका हाकेला अनेक उत्तरं आली आणि कंट्रोलरने हात वर केले. आदल्या दिवशी जोडणी आधीच झालेली होती म्हणून चाललं, मेन बंद-चालू केल्यावर उघडं पडलं. म्हणजे नुसते आयपी बदलूनही भागलं नसतं, प्रोफिनेटची नावंही बदलावी लागली असती.

रामभाऊ_नांदेड

आमच्या सोसायटीत पण दोन डीव्हीआर सेम आयपीचे आहेत, मोबाइलवर एकच दिसतो. ह्यालाच नॅट म्हणतात का? कोणता राउटर घेऊ?

सुलभा_ऑटोमेशन

रामभाऊ, तुम्ही एका डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये जाऊन आयपी बदला. तिथं वॉरंटीवाला बिल्डर आडवा येत नाही.

रामभाऊ_नांदेड

झालं की हो! धन्यवाद ताई. आता दोन्ही दिसूलालेत.

जालना_रोलिंग

मी उलट सांगतो. नॅट म्हणजे ठिगळ. एकदाच बिल्डरला बोलवा, पैसे द्या, पत्ते आणि नावं दोन्ही बदलून घ्या. पाच वर्षांनी तुम्ही नसाल, राउटर कोणी लावला हे कुणाला माहीत नसेल, आणि नवा पोरगा भलत्याच पत्त्यावर पीएलसी शोधत बसेल. ड्रॉइंगवर एक पत्ता, स्काडावर दुसरा. आमच्याकडं हे भोगलंय.

सुलभा_ऑटोमेशन

मुद्दा खरा आहे. पण दुसरी बाजूही बघा. आज सातही मशिनींचा प्रोग्राम एकच आहे. पीएलसी जळला तर एकच बॅकअप, कुठल्याही मशीनला चालतो. पत्ते बदलले की सात बॅकअप झाले, आणि बिल्डरने उद्या सुधारणा पाठवली तर ती सात वेळा हाताने बदलून भरायची. रात्रपाळीला चौथ्या मशीनमध्ये सहाव्याचा प्रोग्राम कोणी टाकला की पुन्हा तोच गोंधळ. नॅटमध्ये वेगळेपण फक्त राउटरमध्ये राहतं, मशीन तशीच. कागदावर दोन्ही पत्ते लिहून पॅनलच्या दारावर आतून चिकटवायचे, एवढं मात्र पाहिजेच.

जालना_रोलिंग

दारावरचा कागद दोन पावसाळ्यांत जातो मॅडम. पण चालू द्या.

चिकलठाणा_राउटर

स्वस्तात सांगू? घरचा साधा राउटर प्रत्येक मशीनला. वॅनला वेगळा आयपी आणि पोर्ट 102 पीएलसीकडे फॉरवर्ड. मी असं चालवलंय. सात राउटर मिळून एका इंडस्ट्रियल डब्याच्या पैशात.

सुलभा_ऑटोमेशन

चालतं, नाही म्हणत नाही. नुसता पीएलसीच वाचायचा असेल तर पुरेसं आहे. अडतं कुठे, तर मशीनमध्ये दुसरा पीएलसी आला, त्यालाही 102 च लागतं, आणि बऱ्याच स्काडा ड्रायव्हरमध्ये तो पोर्ट बदलायची सोयच नसते. म्हणून एकास एक नॅट बरं: आतल्या प्रत्येक डब्याला बाहेर स्वतःचा पूर्ण पत्ता, पोर्टची भानगड नाही. शिवाय पॅनलमध्ये २४ व्होल्ट डीसी असतो. घरच्या राउटरचा अडॅप्टर पॅनलच्या सॉकेटला लटकवून ठेवला की मे महिन्यात वाळूजच्या शेडखाली तो किती टिकतो ते मी बघितलंय.

फिटर, पत्त्यांची मांडणी अशी ठेवा. प्लांटचं नेटवर्क समजा 10.20.5.0/24, स्काडा पीसी 10.20.5.5. मशीन नंबर दशकाच्या जागी, डबा एककाच्या. तीन नंबर मशीनचा राउटर बाहेरून 10.20.5.30, तिचा पीएलसी 10.20.5.31, एचएमआय 10.20.5.32. सात नंबरचा पीएलसी 10.20.5.71. कुणालाही तोंडपाठ होतं. आतून प्रत्येक राउटर 192.168.0.254, सातही ठिकाणी तोच. आधी आत 254 वर दुसरं काही बसलेलं नाही ना, ते तपासा.

मिक्रोटिकवर तीन नंबरसाठी हे एवढंच:

```
/ip address
add address=192.168.0.254/24 interface=bridge
add address=10.20.5.30/24 interface=ether1
add address=10.20.5.31/24 interface=ether1
add address=10.20.5.32/24 interface=ether1
/ip firewall nat
add chain=dstnat dst-address=10.20.5.31 \
  action=dst-nat to-addresses=192.168.0.1
add chain=dstnat dst-address=10.20.5.32 \
  action=dst-nat to-addresses=192.168.0.2
add chain=srcnat src-address=192.168.0.1 \
  out-interface=ether1 action=src-nat \
  to-addresses=10.20.5.31
```

31 आणि 32 हे पत्ते राउटरच्या बाहेरच्या पोर्टवर लिहिलेत ते विसरू नका. ते पत्ते खरे कुठल्याच डब्याला नाहीत, त्यामुळे प्लांटच्या नेटवर्कात "31 कोण?" अशी हाक आली की राउटरनेच "मी" म्हणायचं असतं. नॅटचा नियम आहे आणि हा पत्ता नाही, तर हाकेला उत्तरच मिळत नाही आणि माणूस नियमच तपासत बसतो. इंडस्ट्रियल डब्यांत बहुतेक वेळा एकास एक नियम भरला की हे आपोआप होतं.

रिमोट आयओ 192.168.0.3 ला बाहेर पत्ता दिलेला नाही. त्याचं बाहेर कुणाशी काम नाही.

बालाघाट_साखर

राम राम. आमच्या कारखान्यात बॅच सेंट्रिफ्यूगलची हीच कथा. चार मशिनी, एकच प्रोग्राम, एकच पत्ता. राउटर लावले, नियम वरच्यासारखेच. पण स्काडावरून पिंगच जाईना. राउटर बदलून पाहिला, केबल बदलली, शेवटी देवाला नारळ फोडायचा बाकी होता. हंगाम तोंडावर. नंतर कळलं की पीएलसीत गेटवेचा रकानाच रिकामा होता. फिटर, आधी ते बघा.

वाळूजचा_फिटर

एका मशीनवर करून बघितलं, तीन नंबरवर. बालाघाटदादा म्हणतात तसंच दिसतंय. राउटरमध्ये शिरून 192.168.0.1 ला पिंग केलं तर लगेच उत्तर. स्काडा पीसीवरून 10.20.5.31 ला पिंग, टाइमआउट. पीएलसीत गेटवे आहे का ते बघता येत नाही, पासवर्ड.

सुलभा_ऑटोमेशन

बघायची गरजच नाही, तुमच्या दोन पिंगनीच सांगितलं. राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा तो 192.168.0.254 म्हणून बोलतो, म्हणजे पीएलसीला शेजारीच वाटतो, उत्तर सरळ देतो. स्काडाचं पिंग मात्र 10.20.5.5 कडून आलेलं दिसतं. तो पत्ता आपल्या नेटवर्कातला नाही, उत्तर गेटवेकडे द्यायचं, आणि गेटवे लिहिलेलाच नाही. पीएलसी उत्तर टाकून देतो. राउटरच्या आतल्या पोर्टवर पॅकेट बघितलीत तर विचारणा आत जाताना दिसतील, परत एकही नाही.

उपाय मशीनला हात न लावता होतो. आत जाणाऱ्या प्रत्येक विचारणेवर पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलायचा, म्हणजे पीएलसीला वाटेल की 254 च बोलतोय:

```
/ip firewall nat
add chain=srcnat out-interface=bridge \
  dst-address=192.168.0.0/24 action=masquerade
```

वाळूजचा_फिटर

चाललं!! पिंग आलं, स्काडात काउंट आला. पाच नंबर चालवून बघितलं, तीनचा आकडा ढिम्म. साहेबांना आणून दाखवलं.

चिकलठाणा_राउटर

माझ्या घरच्या राउटरमध्ये हे नव्हतं, कबूल. माझ्याकडच्या पीएलसीत गेटवे भरलेला होता म्हणून निभावलं असावं.

बालाघाट_साखर

आम्ही बिल्डरला बोलावून चारही पीएलसीत गेटवे 192.168.0.254 भरून घेतला. चौघांत तोच आकडा, म्हणजे प्रोग्राम एकच राहिला. मला हे जास्त सरळ वाटतं. मास्करेडमध्ये पीएलसीला सगळी दुनिया 254 च दिसते. रात्री कोणी सेटपॉइंट बदलला तर लॉगमध्ये कोण ते कळत नाही.

सुलभा_ऑटोमेशन

बालाघाटदादांचं खरं आहे. बिल्डर तयार असेल तर गेटवेच भरून घ्या आणि मास्करेडचा नियम काढा. तयार नसेल तर मास्करेड, आणि कोण आत येतं याची नोंद राउटरवर ठेवा. तसंच फिल्टरमध्ये 10.20.5.5 कडूनच पोर्ट 102 ला परवानगी द्या, बाकी सगळं बंद. पत्ता बदलला म्हणजे कुलूप लागलं असं नाही. 31 ला प्लांटातला कुठलाही लॅपटॉप हाक मारू शकतो.

पैठणगेट

म्हणजे माझा व्हीलॅन पूर्ण वाया?

सुलभा_ऑटोमेशन

अजिबात नाही. 10.20.5.0/24 हे मशिनींचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवायला तुमचाच व्हीलॅन लागणार आहे. फक्त नॅटच्या जागी नाही, नॅटच्या बाहेर.

पैठणगेट

चला, अब्रू राहिली.

शेंद्रा_कमिशनिंग

"काय चालणार नाही" याला कोणी उत्तर दिलं नाही अजून, म्हणून लिहितो. मी लॅपटॉप घेऊन फिरणारा माणूस. प्लांटच्या बाजूने टीआयए पोर्टलमध्ये "अॅक्सेसिबल डिव्हाइसेस" शोधलं तर राउटरमागचं काही दिसत नाही. तो शोध राउटर ओलांडतच नाही. नवीन पोरं मग म्हणतात पीएलसी मेला. मेलेला नसतो, पत्ता हाताने टाकावा लागतो, आणि तोही बाहेरचा. प्रोफिनेटचा आयओही राउटरपलीकडे नेता येत नाही. म्हणजे कुणी तीन नंबरच्या पीएलसीवर चार नंबरचा आयओ लावायचं म्हटलं तर विसरा.

दुसरं, ओपीसी यूए वापरणार असाल तर एक फसवणूक आहे. क्लायंट 10.20.5.31 ला पोर्ट 4840 वर जातो, सर्व्हर म्हणतो "या, माझा खरा पत्ता `opc.tcp://192.168.0.1:4840`", आणि क्लायंट भोळेपणाने तिकडे निघतो. नॅट पॅकेटच्या डोक्यावरचा पत्ता बदलतो, पोटातला नाही. क्लायंटमध्ये सर्व्हरने दिलेला पत्ता सोडून आपण टाकलेलाच वापरायची सेटिंग असते, ती लावावी लागते. ज्यात ती नाही असे क्लायंटही मी बघितलेत, तिथं मात्र डोकं फुटतं.

लातूर_डाळमिल

काय राव, पोटातला पत्ता! 😄 आमच्या सॉर्टेक्सवाल्यानं पण हेच कारण सांगून दोन दिवस घालवले होते, आम्हाला वाटलं चहासाठी थांबूलालाय.

एक विचारू का? आमच्याकडं उलटं हवंय. पीसीनं मशीनला विचारायचं नाही, मशीननंच सर्व्हरला माल झाला की पाठवायचं. सर्व्हरचा पत्ता मशीनमध्ये कोणता लिहायचा? गेटवे नाहीच.

सुलभा_ऑटोमेशन

चांगला प्रश्न. सर्व्हरलाच आत आणायचं, म्हणजे तसं भासवायचं. राउटरच्या आतल्या बाजूला 192.168.0.250 हा आणखी एक पत्ता द्यायचा, आणि 250 कडे आलेलं सगळं खऱ्या सर्व्हरकडे, 10.20.5.5 कडे वळवायचं. मशीनला सर्व्हर शेजारी वाटतो, गेटवे लागत नाही. सगळ्या मशिनींत 250 च लिहायचं, प्रोग्राम पुन्हा एकच.

```
/ip address
add address=192.168.0.250/24 interface=bridge
/ip firewall nat
add chain=dstnat dst-address=192.168.0.250 \
  action=dst-nat to-addresses=10.20.5.5
```

आणि कुठल्या मशीनने पाठवलं हे सर्व्हरला कसं कळणार? वरचा srcnat चा नियम आहे ना, त्याने तीन नंबरचा पीएलसी सर्व्हरला 10.20.5.31 म्हणून दिसतो. मशीनला स्वतःचा नंबर माहीत नसला तरी सर्व्हरला माहीत असतो. फक्त सर्व्हरचं सॉफ्टवेअर आलेल्या जोडणीचा पत्ता वाचणारं हवं.

शेंद्रा_कमिशनिंग

हे मी वापरलेलं नाही. राउटर अदलाबदल झाले तर? चार नंबरचा राउटर दुरुस्तीच्या घाईत तीनमध्ये बसला की तीनचा माल चारच्या नावावर. पीएलसीने स्वतःचा मशीन नंबरही डेटात पाठवावा असं माझं मत.

सुलभा_ऑटोमेशन

मग पुन्हा सात वेगळे प्रोग्राम झाले.

शेंद्रा_कमिशनिंग

पीएलसीच्या मोकळ्या इनपुटवर जंपर लावून नंबर द्यायचा. प्रोग्राम एकच, वायरिंग वेगळी.

जालना_रोलिंग

आणि जंपर काढून कुणीतरी दुसरीकडं वापरणार. मी सांगतोय ना, पत्ते बदला.

वाळूजचा_फिटर

तुमचं चालू द्या, मी इकडचं सांगतो. सहा मशिनींवर लावलं, सहाही दिसताहेत. साहेबांना "सात कशाला" याचं उत्तरही मिळालं: एकाच राउटरच्या सात पोर्टांत सात सारखी नेटवर्क घालून दाखवा म्हटलं, तर कामवालाही गप्प.

सुलभा_ऑटोमेशन

तसं अगदीच अशक्य नाही बरं का. मोठ्या राउटरमध्ये प्रत्येक पोर्टाला वेगळं राउटिंग टेबल देऊन करतात. पण सेटिंग किचकट, आणि तो एक डबा गेला की सातही मशिनी स्काडावरून गेल्या. तुमच्या शेडमध्ये सात छोटेच बरे. साहेबांना सांगू नका.

वाळूजचा_फिटर

नाही सांगत. 🙏 आता सात नंबर राहिली. तिच्यात बिल्डरने नंतर बारकोड स्कॅनर बसवलाय, आणि त्याचा पत्ता नेमका 192.168.0.254 निघाला. तुम्ही तपासायला सांगितलं होतं म्हणून राउटर लावायच्या आधी सापडला. स्कॅनरचा पत्ता पीएलसीच्या प्रोग्राममध्ये लिहिलेला, त्यामुळे तो हलवता येणार नाही.

सुलभा_ऑटोमेशन

मग राउटर हलवा. त्या मशीनला आतून 253 द्या, मास्करेडला फरक पडत नाही. पण पुढेमागे बालाघाटदादांसारखा गेटवे भरून घेणार असाल तर सातांत एकच आकडा लागेल, म्हणून सातही राउटर 253 वर आणलेत तर बरं. आधी सहा मशिनींत 253 मोकळा आहे का बघा.

वाळूजचा_फिटर

बघतो. रविवारी लाइन बंद असते, तेव्हाच सगळे बदलीन.

रामभाऊ_नांदेड

फिटरसाहेब, तो 254 चा स्कॅनर डीव्हीआरला पण चालेल का?